एकटा घोडा आणि h6 वरचं प्यादं : शहापूरच्या वर्गासाठी पट बनवतानाच्या नोंदी

२ जून २०२४

चिकोडीहून परत येताना बसमधेच हे लिहायला घेतलंय कारण उद्या फाउंड्रीत पहिली शिफ्ट आहे आणि तोवर डोक्यातून निघून जाईल. आज बुद्धिबळाच्या रॅपिड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आमच्या आठवीतल्या पोरीनं हातात असलेली बरोबरी घालवली. हत्तरगीचा टोलनाका येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली होती, एक शब्द नाही.

डाव असा होता. पांढऱ्याचा राजा f5 वर, प्यादं h5 वर, बाकी काही नाही. आमचा काळा राजा पार पलीकडं c3 वर, b फाइलचं, म्हणजे b च्या उभ्या रांगेतलं, शेवटचं प्यादं खाऊन तिथंच राहिलेला, आणि घोडा b6 वर. चाल काळ्याची. राजा तिथून h फाइलपर्यंत पोचणार नाही हे उघड आहे, म्हणजे जे करायचं ते घोड्यानंच. तिनं घोडा d7 केला, जो बरोबर आहे, पांढऱ्यानं प्यादं h6 वर ढकललं, घोडा f8 वर गेला आणि h7 अडवलं. d7 च्या ऐवजी एक चाल जरी राजाची खेळली असती तरी डाव संपला असता, कारण b6 वरून h7 राखणाऱ्या कुठल्याच घरात एका उडीत जाता येत नाही.

पुढं: राजा f6, आमचा राजा d4. राजा f7, घोडा h7. राजा g7, घोडा g5. राजा g6, घोडा e6. इथपर्यंत सगळं अचूक, आणि घड्याळात तिची दोन मिनिटंसुद्धा राहिली नव्हती हे लक्षात घ्या. मग पांढरा राजा f6 वर आला, घोड्यावर मारा आला, आणि तिनं राजा d5 वर आणून घोड्याला जोर दिला. प्यादं h7. संपलं. घोडा आता f8 वर गेला तरी प्यादं h8 वर जाऊन वजीर होणारच.

बसमधे शेवटी म्हणाली, "काका, घोडा मारायला आलाता म्हणून जोर दिला की." तिचं चुकलं कुठं ते एका वाक्यात सांगता येतं, पण तेवढ्यानं ते पुढच्या वेळी दोन मिनिटांत आठवेल असं नाही. तिला e6 ही जागा काय आहे हे कधी शिकवलंच नव्हतं, मी शिकवलं नव्हतं. म्हणून गणपतीच्या आत या एकाच विषयाचा एक लाकडी पट आणि कार्डांचा एक संच करायचा ठरवलाय. गुकेशनं एप्रिलमधे कॅन्डिडेट्स स्पर्धा जिंकल्यापासून रविवारी वाचनालयाच्या खोलीत पोरं मावत नाहीत, सगळ्यांना ओपनिंग हवी असते, पण पॉइंट जातात ते इथं.

९ जून २०२४

आधी पाया. घोडा एकटा आणि समोर h फाइलचं प्यादं सहाव्या ओळीवर, मागं त्याचा राजा, आपला राजा लांब. प्याद्याला वजीर व्हायला दोन घरं लागतात, h7 आणि h8. घोड्यानं h7 राखलं पाहिजे. h8 राखून उपयोग नाही, ते कोपऱ्याचं घर आहे, त्याच्याबद्दल वेगळं कार्ड करतोय, खाली लिहीन.

h7 हे घर घोडा f8 वरून, g5 वरून आणि f6 वरून राखतो, शिवाय स्वतः h7 वर जाऊन बसू शकतो. पोरांना आज पटावर घोडा हातात देऊन ही घरं शोधायला लावली. गोकाककडचा एक नवीन पोरगा आलाय, घरी कन्नड, शाळा इंग्लिश, मराठी तोडकं मोडकं, तो सारखं "कुदुरे, कुदुरे" म्हणत बोटानं घरं दाखवत होता आणि सगळ्यात आधी त्यालाच सापडली. आता अर्धा वर्ग घोड्याला कुदुरेच म्हणालाय.

जोपर्यंत पांढरा राजा घोड्यावर येत नाही तोपर्यंत घोडा हलवायचा नाही, आपल्या राजाच्या चाली खेळत राहायचं, प्रत्येक चालीला तो जवळ येतोय म्हणजे फायदाच आहे. प्यादं h7 वर आलं की मारायचं, घोडा गेला तरी चालेल, पांढऱ्याकडं मात करायला काही उरत नाही. खरा प्रश्न फक्त एवढाच: राजा घोड्याला भिडला की घोडा कुठं जायचा.

१६ जून २०२४

आज जे दिसलं त्यानं मी स्वतः इतका खूश आहे की दोनदा तपासलं.

घोड्याची चार घरं घ्या: h7, g5, e6, f8. h7 वरून g5 ला घोड्याची एक उडी, g5 वरून e6 ला एक, e6 वरून f8 ला एक, f8 वरून परत h7 ला एक. चाक आहे ते. हे जुनंच आहे, शेवटाच्या डावाचं थोडंफार वाचलेल्या कुणालाही हे चाक माहीत असतं, मीही वाचलेलं. पण फाउंड्रीतून आणलेल्या बारा एमएम प्लायच्या तुकड्यावर पट आखला, त्या चार घरांच्या बरोबर मधोमध चार खिळे ठोकले आणि त्यांच्याभोवती लाल लोकरीचा धागा ओढला, तेव्हा काय झालं तर तो एक चौकोन झाला. थोडा तिरका, पण चारी बाजू सारख्या, चारी कोपरे काटकोनात. पॅटर्नशॉपमधला माणूस असल्यामुळं गुण्या लावून बघितल्याशिवाय राहवलं नाही, बरोबर बसला.

आणि त्या चौकोनाचा मध्य येतो f6, f7, g6, g7 या चार घरांच्या टोकावर, जिथं ती चारी घरं एकमेकांना टेकतात तिथं. म्हणजे पांढरा राजा घोड्याला हुसकायला ज्या चार घरांत फिरतो ती सगळी धाग्याच्या आत. राजा आतल्या छोट्या चौकोनात गोल फिरतोय आणि घोडा बाहेरच्या मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून त्याच्या पुढं एक पाऊल.

आता बघा काय सोपं होतं. घोडा धाग्यावरच्या कुठल्याही खिळ्यावर असू दे, त्याला धाग्यावरून जायला दोनच शेजारी खिळे आहेत, एक या बाजूचा एक त्या बाजूचा. राजा आतून घोड्याला भिडला की त्या दोन शेजाऱ्यांपैकी एक बरोबर राजाच्या नाकाखाली येतो आणि दुसरा मोकळा राहतो. घोडा h7 वर, राजा g7 वर आला: f8 राजाला चिकटलेलं, g5 मोकळं. घोडा h7 वर, राजा g6 वर आला: g5 चिकटलेलं, f8 मोकळं आणि वर शह. घोडा e6 वर, राजा f6 वर: g5 गेलं, f8 मोकळं. राजा f7 वर: f8 गेलं, g5 मोकळं, पुन्हा शह. चारी खिळ्यांवर असंच. पाठ करायचं काही नाही, मोकळ्या शेजाऱ्याकडं जायचं.

शहाचंही गंमतीचं आहे, राजा ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं घोडा पुढं पळाला तर शह नसतो, राजा उलटा वळला तर घोडा मागं येताना शह देतोच देतो. घड्याळाच्या काट्याप्रमाणं फिरलं की शांत, उलट फिरलं की शह.

पोरांना अजून दाखवलेलं नाही. खिळ्यांची डोकी कापून घासायची आहेत, नाहीतर कुणाचा तरी हात फाटायचा.

२३ जून २०२४

पट दाखवला. खानापूरच्या पोराला राजा दिला, चिकोडीत हरलेल्या पोरीला घोडा. त्यानं राजा आत गोल गोल फिरवला, उलटा वळवला, मधेच थांबला, आणि ती धाग्यावर बोट ठेवून मोकळा शेजारी बघायची आणि घोडा उचलायची. वीस पंचवीस चालींनंतर त्याला कंटाळा आला. तिनं मग न विचारता घोडा e6 वर ठेवला, पांढरा राजा f6 वर आणि स्वतःचा राजा d4 वर, चिकोडीची पोझिशन, आणि बराच वेळ नुसती बघत बसली.

मग मी एकच विचारलं, e6 वरून घोडा h7 राखतो का? नाही राखत. चाकाच्या चार घरांत हे एकटंच असं आहे. f8 वरून राखतो, g5 वरून राखतो, h7 वर तर स्वतःच बसलेला असतो, पण e6 वरून तो h7 कडं बघतसुद्धा नाही. तरी तिथं तो का चालतो, तर राजा g6 वर असतो म्हणून. राजा g6 वर असताना प्यादं h7 वर गेलं की घोडा f8 वर येतो, राजाला शह आणि त्याच उडीत प्याद्यावर मारा, पुढच्या चालीला प्यादं मारलं जातं. हा काटा फक्त राजा g6 वर असेपर्यंतच आहे. राजा g6 सोडून हलला की e6 वरच्या घोड्याला लगेच f8 किंवा g5 गाठायचं, राजा घोड्याला भिडला असो की नसो.

म्हणून तिथं घोड्याला जोर देऊन काही मिळत नाही. पांढऱ्याला घोडा मारायचा नव्हताच, त्याला एक चाल हवी होती. वर्गात मी याला "e6 हा स्टँड नाही, स्टॉप आहे" असं सांगितलं, म्हणजे गाडी जिथं रात्री उभी करत नाहीत, माणूस उतरला की पुढं जायचं. पोरांना पटलं.

३० जून २०२४

कार्डं टाइप करायला घेतली. प्रत्येक पोझिशन टेबलबेसला लावून बघायची असं ठरवलंय, माझ्या डोळ्यांवर सोडायची नाही. दोन राजे, घोडा, प्यादं, म्हणजे पटावर चारच मोहरी, आणि एवढ्या मोहऱ्यांचे सगळे डाव शेवटापर्यंत मोजून ठेवलेले आहेत, त्यामुळं उत्तर अंदाजाचं नसतं. लॅपटॉपवर सिझिगी टेबलबेसच्या फाइली उतरवून घेतल्या आणि एवढंच लिहिलं:

```python
import chess, chess.syzygy
b = chess.Board("8/5K1n/7P/8/8/8/8/k7 w - - 0 1")
with chess.syzygy.open_tablebase("syzygy") as tb:
    print(tb.probe_wdl(b))
```

ही चाकाची पोझिशन आहे, राजा f7, प्यादं h6, घोडा h7, आमचा राजा मुद्दाम सगळ्यात लांब a1 वर. उत्तर 0 आलं, म्हणजे बरोबरी. पांढऱ्याची चाल असताना 2 आलं तर पांढरा जिंकतो.

संध्याकाळी पाऊस आणि लाइट गेली, बॅटरीवर सात कार्डं झाली.

७ जुलै २०२४

एक चूक सापडली, माझी. तिसरं कार्ड मी असं केलं होतं: घोडा f6 वर, राजा f8 वर, पांढऱ्याची चाल, आणि मागं उत्तर लिहिलेलं "बरोबरी, घोडा h7 राखतोय". हे ९ जूनला पोरांना सांगितलंही होतं की f6, f8, g5 तिन्ही सारखीच. टेबलबेस म्हणतो 2.

```
5K2/8/5n1P/8/8/8/8/k7 w - - 0 1
```

तासभर पटावर बसलो तेव्हा कळलं. राजा g7 वर येतो आणि घोड्याला भिडतो. घोड्याला f6 वरून जायला घरं भरपूर आहेत पण एकही कामाचं नाही. g4 वर गेला तर प्यादं h7 आणि पुढं वजीर. e8 वरून शह दिला तर राजा शांतपणे g6 वर, आणि आता घोडा h7 ला परत पोचत नाही. सगळ्यात फसवं म्हणजे h5 वरून शह: राजा g6, घोडा f4 वरून परत शह, आणि इथं पांढऱ्यानं राजा g5 वर नेला तर घोडा e6 वर शह देऊन चाकात परत येतो, वाचतो. पण राजा f5 वर आला तर f4 चा घोडाही धरला आणि e6 पण, खेळ खलास. मी तो g5 चा रस्ताच बघून बरोबरी लिहिली होती.

पटावर बघा म्हणजे कारण डोळ्याला दिसतं. f6 धाग्याच्या आत आहे. ते राजाचं फिरायचं घर आहे, घोड्याचं नाही. त्याच जागी घोडा g5 वर असता तर राजा g7 वर येऊन काहीच होत नाही, घोड्याला हात लागत नाही, आपण आपल्या राजाची चाल खेळायची, राजा g6 वर आला की घोडा e6.

रविवारी वर्गात पहिल्यांदा हेच सांगितलं, की मी चुकीचं शिकवलं होतं आणि f6 वही मधून खोडा. पटावर f6 च्या घरात लाल ऑइलपेंटनं फुली मारली.

१४ जुलै २०२४

पावसानं वर्ग नाही. खानापूरच्या पोरांना घरातून निघताच आलं नाही, जांबोटीकडं तर सलग धरलाय.

कोपऱ्याचं कार्ड पुरं केलं. प्यादं h7 वर पोचलंय आणि घोडा त्याच्यासमोर h8 वर बसलाय. दिसायला भक्कम, वाटच अडवलीय. पण h8 वरून घोड्याला बाहेर पडायला दोनच दारं, f7 आणि g6, आणि राजा g7 वर आला की दोन्ही दारं त्याच्या हाताखाली आणि घोडाही. आपण राजा हलवत राहायचा, तो घोडा मारतो, बाजूला होतो, वजीर. घोडा h8 वर न बसता g6 किंवा f7 वरून राखत असेल तरी तेच, राजा g7 वर आला की त्याला हलावं लागतं आणि हलला की घर सुटतं. सातव्या ओळीवर चाक लावायला प्याद्याच्या पलीकडं एक फाइल लागते, ती इथं नाही, पट संपतो.

म्हणून बाजूच्या प्याद्यासाठी सहावी ओळ ही हद्द आहे. घोडा लांब असेल तर उड्या मोजताना पाळायचं ते एवढंच, प्यादं सातव्यावर जायच्या आत घोडा चाकाच्या घरात हवा, नंतर पोचून भागत नाही.

g फाइलचं प्यादं मात्र सातव्या ओळीवरही थांबतं. प्यादं g7, घोडा g8. राजा f7 वर आला की घोडा h6 शह, राजा g6 वर आला की घोडा परत g8. राजा h7 वर आला की घोडा f6 शह, राजा g6, घोडा परत g8. झोपाळ्यासारखं, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला, कारण प्याद्याच्या दोन्हीकडं फाइली आहेत. हे दोनच कार्डांत बसवतोय, संच h फाइलचाच ठेवायचा आहे, पोरांच्या डोक्यात दोन चाकं मिसळली तर दोन्ही जातील.

२८ जुलै २०२४

वर्ग परत सुरू. आज खानापूरचा पोरगा पेटला होता, राजा गोल फिरवून होत नाही म्हटल्यावर त्यानं राजा h8 पर्यंत नेला, म्हणे तिथून प्याद्याला आत ओढतो. प्यादं h7 वर सरकवलं तेव्हा घोडा बाजूला e7 वर निघालेला होता आणि पोरीचा राजा दरम्यान चालत चालत f7 पर्यंत आलेला. तिनं घोडा g6 वर ठेवला आणि स्वतःच दचकली. मात. पांढरा राजा h8 वर, त्याच्या पुढं त्याचंच प्यादं h7 वर, बाजूची g7 आणि g8 काळ्या राजानं धरलेली, आणि घोड्याचा शह. एकट्या घोड्यानं मात होत नाही हे खरं, पण समोरच्याचं स्वतःचंच प्यादं त्याचं दार अडवत असेल तर होते.

याचा एक परिणाम स्पर्धेत घड्याळावर होतो आणि तो पोरांना सांगितला. पांढऱ्याची वेळ संपली तर फिडेच्या नियमानं डाव आपोआप बरोबरी होत नाही, कारण घोड्याकडून मात होऊ शकेल अशी पोझिशन इथं शक्य आहे, त्यामुळं काळा जिंकतो. आणि आपली वेळ संपली तर अर्थातच आपण हरतो, त्याच्याकडं प्यादं आहे. म्हणजे चाक येत असून विचार करत बसणारा इथं मरतो, चाक हातात पाहिजे.

११ ऑगस्ट २०२४

बरोबरी मागायची कशी यावर अख्खा तास गेला आणि तो जायलाच हवा होता. चाक कितीही वेळ फिरेल पण समोरचा थांबेलच असं नाही, तेव्हा तीनदा तीच पोझिशन आली असं दाखवून बरोबरी मागायची. पहिल्यांदा राजा f7 वर आणि घोडा h7 वर, एक फेरा मारून परत तेच म्हणजे दुसऱ्यांदा, अजून एक फेरा म्हणजे तिसऱ्यांदा. दोन पूर्ण फेरे, आठ चाली. ज्या चालीनं तिसऱ्यांदा पोझिशन येणार ती आपलीच असेल तर स्कोअरशीटवर लिहायची, पटावर खेळायची नाही, घड्याळ थांबवून आर्बिटरला हाक मारायची.

यात एक खोच आहे. मोजणी पूर्ण पटाची होते, नुसत्या घोड्याची नाही. मधे आपला राजा d4 वरून d5 वर गेला तर ती वेगळी पोझिशन, मोजणी पहिल्यापासून. चाकात प्रत्येक चाल घोड्याचीच असते, राजाला वेळच मिळत नाही, म्हणून तसं ते आपोआप जमतं. पण समोरचा मधेच कुठंतरी थांबला, घोड्याला न भिडणारी चाल खेळला, तर आपला राजा हलतो आणि तेव्हा नव्यानं मोजायचं.

गोकाकचा पोरगा फेरे मोजायला प्रत्येक वेळी राजा f7 वर आला की टेबलावर एक शेंगदाणा ठेवत होता. तीन शेंगदाणे झाले की "ड्रॉ!" ओरडायचा. स्पर्धेत शेंगदाणे चालणार नाहीत पण सवय लागली.

१८ ऑगस्ट २०२४

एक अडचण नीट लिहून ठेवतो. सगळी कार्डं प्यादं पांढरं, वर चढणारं, उजव्या कडेला. पोरं हे चित्र म्हणून पाठ करतात आणि पट फिरवला की कोरी होतात. आज पोरीला पांढरा घोडा दिला आणि काळं प्यादं h3 वर, तिला पहिली तीन चाली जमली, चौथ्यावर ती घोडा चुकीच्या बाजूला घेऊन गेली.

उपाय तोच, धागा. काळं प्यादं h3 वर असेल तर चाक h2, g4, e3, f1. पांढरं प्यादं a6 वर असेल तर a7, b5, d6, c8. काळं a3 वर असेल तर a2, b4, d3, c1. प्लायच्या त्याच पटावर चारी कोपऱ्यांत खिळे ठोकले, चार लोकरी, चार रंग. स्टॉपवाली घरं, म्हणजे e6, e3, d6, d3, पिवळी रंगवली आणि फसवी घरं, f6, f3, c6, c3, लाल फुली. पोरांना सांगितलंय घरं पाठ करू नका, प्याद्याच्या पुढचं घर शोधा, त्यावर पहिला खिळा, मग उड्या मारत चौकोन पुरा करा, पिवळं घर प्याद्याच्याच ओळीत तीन घरं आत सापडेल.

खडेबाजारात कार्डांची झेरॉक्स टाकली, जाड कागदावर, चोवीस कार्डं.

२५ ऑगस्ट २०२४

निपाणीची स्पर्धा. पोरीच्या चौथ्या फेरीत घोडा आणि प्यादं आलं, चाक नव्हे, समोर a फाइलचं पांढरं प्यादं a5 वर आणि तिचा घोडा पटाच्या दुसऱ्या बाजूला g6 वर. मी भिंतीला टेकून उभा, जवळ जायला परवानगी नाही. तिनं राजाला हात लावला नाही. बोटानं टेबलाच्या कडेवर काहीतरी मोजलं, घोडा e7 वर ठेवला. प्यादं a6. घोडा c8. तिथं तो a7 राखत उभा राहिला, पांढरा राजा c7 वर आला, घोडा a7, राजा b7, घोडा b5, राजा b6, घोडा d6.

राजा c6 वर आला तेव्हा तिचा राजा e5 वर होता, d6 ला जोर देत. तिनं घोडा c8 वर नेला.

समोरच्या मुलानं दुसरा फेरा पुरा होण्याच्या आधीच हात पुढं केला.